वजन वाढलं, पण कशाने? एनआयसीयूमधल्या मुदतपूर्व बाळाची रोजची नोट

प्रश्न: मी बालरोग विभागात पहिल्या वर्षाची रेसिडेंट आहे. एनआयसीयूतल्या मुदतपूर्व बाळांची सकाळची नोट रोज मलाच लिहावी लागते. फीड, वजन, सीपॅप सगळं लिहिते, तरी मॅडम काल म्हणाल्या, ‘आकडे आहेत, पण बाळ कसं आहे ते कळत नाही.’ नक्की काय आणि कसं लिहायचं?

उत्तर:

माझ्या रेसिडेन्सीतली एक नोट आधी दाखवते. बाळ २९ आठवड्यांचं, जन्मवजन ११८० ग्रॅम, आयुष्याचा सोळावा दिवस. मी लिहिलं होतं: ‘सीपॅप चालू, सॅच्युरेशन ठीक. फीड सहन होत आहेत. वजन ६० ग्रॅमने वाढले. लघवी, शी झाली. तोच प्लॅन.’ सकाळी सव्वानऊला सही केली आणि पुढच्या बाळाकडे गेले. संध्याकाळच्या राउंडपर्यंत ते बाळ ३८ टक्के ऑक्सिजनवर पोहोचलं होतं. माझ्या नोटमध्ये एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि बाळ बिघडतंय हे सांगणारे सगळे आकडे सकाळीच चार्टवर होते. मी ते वेगवेगळ्या खणांत ठेवले, इतकंच.

नोटचा छापील नमुनाच आपल्याला या सवयीत ढकलतो. श्वसन एका चौकटीत, पोषण दुसऱ्या चौकटीत, वजन वर कोपऱ्यात. सव्वा किलोच्या बाळात मात्र या तिन्ही गोष्टी एकाच पाण्याच्या आणि ऊर्जेच्या हिशेबात येतात. दूध जास्त झालं किंवा शरीरात पाणी साठलं तर ते फुप्फुसात दिसतं. श्वासाला कष्ट पडले तर दुधातली ऊर्जा तिथेच जळते आणि वजन अडतं. म्हणून मी आता रेसिडेंटची नोट वाचते तेव्हा एकच गोष्ट शोधते: वजन का बदललं, याचं उत्तर फीड आणि श्वास पाहून दिलंय का? त्या बाळाचेच आकडे घेऊन सांगते.

पहिली ओळ वयाची. त्यात तीन गोष्टी हव्यात: जन्माच्या वेळचं गर्भवय, आयुष्याचा कितवा दिवस, आणि आजचं पीएमए. जन्माचा दिवस शून्य धरायचा की एक, हे तुमच्या युनिटमध्ये जे ठरलं असेल तेच कायम ठेवा. आमच्याकडे एक धरत. म्हणजे २९ आठवडे पूर्ण असताना जन्मलेलं बाळ सोळाव्या दिवशी ३१ आठवडे १ दिवसाचं. हा आकडा शोभेचा नाही. ३१ आठवड्यांना दिवसातून एकदोनदा ॲप्निया होणं अपेक्षित असतं. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३२ ते ३४ आठवड्यांपासून बसू लागतो, म्हणून ट्यूबने फीड चालू असणं हेही त्या वयाला साजेसंच. पुढचं सगळं या ओळीच्या उजेडात वाचलं जातं.

आता वजन. मुदतपूर्व बाळ पहिल्या काही दिवसांत वजन गमावतं, बहुतेक वेळा दहा टक्क्यांच्या आसपास, आणि साधारण दहा ते चौदा दिवसांत जन्मवजनावर परत येतं. हे बाळ पाचव्या दिवशी १०८० वर उतरलं होतं, म्हणजे साडेआठ टक्के घट, आणि बाराव्या दिवशी ११८५ वर आलं. त्यानंतरची अपेक्षा रोज किलोमागे १५ ते २० ग्रॅमची असते. सव्वा किलोच्या बाळाला ते दिवसाचे १९ ते २५ ग्रॅम झाले.

हा आकडा किती लहान आहे ते बघा. एका फीडचं दूध १७ मिली, म्हणजे जवळपास १७ ग्रॅम. फीडच्या आधी वजन करायचं ते आज चुकून फीडनंतर झालं, तर दिवसभराची वाढ त्यातच ‘दिसते’. ओला डायपर, सीपॅपची टोपी, सलाइनच्या हाताची पट्टी यांतली एखादी वस्तू राहिली तरी तेच. त्यामुळे वजन उघड्या बाळाचं, रोज ठरलेल्या वेळी, फीडच्या आधी, त्याच काट्यावर करायचं, आणि सीपॅपची नळी एका सिस्टरने वर उचलून धरायची, काट्यावर टेकू द्यायची नाही. यातलं काही जमलं नसेल तर नोटमध्ये आकड्याशेजारी तसं लिहा. ‘वजन टोपीसकट’ एवढे दोन शब्द उद्याच्या माणसाला मोठ्या गैरसमजातून वाचवतात.

एका दिवसाच्या वजनावर एवढे अडथळे असतात, म्हणून नोटमध्ये आजचा फरक आणि मागच्या काही दिवसांची सरासरी, दोन्ही लिहायचे. आपल्या बाळाची वजनं अशी होती: बाराव्या दिवशी ११८५, मग १२०५, १२२५, १२५०. तीन दिवसांत ६५ ग्रॅम. त्याला तीनने आणि सरासरी वजनाने, म्हणजे १.२२ किलोने भागलं की रोज किलोमागे साधारण १८ ग्रॅम. उत्तम चाल. आणि सोळाव्या दिवशी १३१०. एका रात्रीत ६० ग्रॅम, किलोमागे ४८.

मी तिथे ‘वाढले’ लिहून मोकळी झाले. खरं तर पेन खाली ठेवून इन्क्युबेटरपाशी जायला हवं होतं. किलोमागे १८ ग्रॅमने वाढणारं बाळ एका रात्रीत अडीच पटीने मांस आणि हाड तयार करत नाही. असा आकडा दिसला की दोनच शक्यता उरतात: वजन चुकलंय किंवा पाणी साठलंय. पहिली शक्यता पाच मिनिटांत निकालात निघते, पुन्हा वजन करा. दुसरीसाठी फीडचा चार्ट उघडावा लागतो.

फीडबद्दल ‘सहन होत आहेत’ हे वाक्य मला नोटमध्ये दिसलं की मी त्यावर काट मारते. कोणतं दूध, किती, कुठल्या मार्गाने, किती वेळाने, कुठल्या वजनावर मोजून आणि प्रत्यक्षात पोटात किती गेलं, हे लिहा. या बाळाला आईचं काढलेलं दूध, फॉर्टिफायर घालून, ओजी ट्यूबने दर दोन तासांनी १७ मिली असं ठरलेलं होतं. बारा फीडचे २०४ मिली, १२५० ग्रॅमवर किलोमागे १६३. हा झाला आदेश. फीड चार्टवर मात्र पहाटे चारच्या रकान्यात ‘ब्रॅडी झाला, फीड थांबवला’ असं लिहिलं होतं. म्हणजे प्रत्यक्षात अकरा फीड गेले, १८७ मिली, किलोमागे १५०.

थोडा वेळ इथेच थांबा. त्या रात्री बाळाला नेहमीपेक्षा कमी दूध मिळालं, सलाइन पाच दिवसांपूर्वीच बंद झालेलं, आणि तरीही वजन नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वाढलं. दूध कमी आणि वजन जास्त, हे गणित एकाच रीतीने जुळतं: आत गेलेलं पाणी बाहेर येत नाहीये. लघवीचा आकडा चार्टवरच होता. डायपर वजन करून २४ तासांत ४८ मिली, म्हणजे किलोमागे ताशी १.६ मिली. आदल्या दिवशी तो ३.२ होता. निम्म्यावर आला होता, आणि मी ‘लघवी झाली’ असं लिहिलं होतं.

कॅलरी रोज मांडायच्या का, असं हमखास विचारलं जातं. वजन नीट वाढत असेल तर आठवड्यातून दोनदा पुरे, वजन अडलं असेल तर रोज. आईच्या दुधात १०० मिलीला साधारण ६७ किलोकॅलरी धरतात, फॉर्टिफायर घातल्यावर ८० च्या आसपास. १८७ मिलीचे झाले सुमारे १५०, किलोमागे १२०. अशा बाळांना किलोमागे ११५ ते १४० लागतात, म्हणजे त्या दिवशीही ऊर्जा पुरेशी होती. ६० ग्रॅमची उडी मात्र तिने समजावता येत नाही.

फीडसोबत पोटाचं लिहायचंच, पण हात लावून. सीपॅपवरच्या बाळाचं पोट हवेने फुगतं. ते फुगलेलं असलं तरी मऊ असतं, बाळ तरतरीत असतं, शी होत असते, आणि ओजी ट्यूब उघडी ठेवली की उतरतं. पोट ताठ लागणं, दाबल्यावर बाळ कण्हणं, हिरवी उलटी, शीत रक्त किंवा बाळ मलूल पडणं ही वेगळी गोष्ट आहे आणि तिथे फीड थांबवून वरिष्ठांना लगेच बोलवायचं असतं. प्रत्येक फीडआधी पोटातलं दूध ओढून मोजायची जुनी पद्धत आता नियमाने करत नाहीत, त्याने फीड विनाकारण थांबतात. पण ओढलं असेल तर रंग लिहा, नुसते मिली लिहू नका. आपल्या बाळाचं पोट मऊ होतं, उलटी नव्हती. म्हणजे दोष आतड्यात दिसत नव्हता. हेही नोटमध्ये यायला हवं, कारण त्याने पुढची वाट अरुंद होते.

आता श्वास. ‘सीपॅप ६, ऑक्सिजन ३० टक्के, सॅच्युरेशन ९३’ ही सकाळी नऊ वाजताची एक झलक झाली. तुम्ही इन्क्युबेटरपाशी उभ्या असताना बाळ नेमकं कसं होतं, एवढंच त्यातून कळतं. नोटमध्ये २४ तासांची रेंज हवी आणि बराचसा वेळ ते कुठे होतं तेही. या बाळाचा ऑक्सिजन चौदाव्या दिवशी २१ ते २३ टक्के, पंधराव्या दिवशी २३ ते २५, आणि सोळाव्या दिवशी २५ ते ३२, बराचसा वेळ ३०. सॅच्युरेशन तिन्ही दिवस ९० ते ९५ मध्येच होतं. साहजिक आहे, सिस्टर ऑक्सिजन फिरवून ते तिथे ठेवत होत्या. सॅच्युरेशन ‘ठीक’ असतं ते आपण ठीक ठेवतो म्हणून. त्यासाठी किती ऑक्सिजन मोजावा लागला, त्यात बाळाची खरी अवस्था असते.

(९० ते ९५ ही मर्यादा ऑक्सिजन चालू असतानाची. बाळ २१ टक्क्यांवर, म्हणजे साध्या हवेवर असेल आणि ९९ दाखवत असेल तर त्यात काळजीचं काही नाही. कोणी ते लाल शाईने गोल करू नये, एवढीच विनंती.)

ऑक्सिजन वाढलेला दिसला की आजाराकडे धावण्याआधी नाकाकडे बघा. प्रॉन्ग सैल आहेत का, तोंड उघडं राहून दाब निसटतोय का, बबल सीपॅप असेल तर बाटलीत बुडबुडे सतत येतायत का. बुडबुडे थांबलेत म्हणजे कागदावरचा ६ बाळापर्यंत पोहोचत नाहीये. नाकाच्या पडद्याचा रंग याच वेळी बघून लिहा. तिथली लाली एका दिवसात जखम होते, आणि ती नोटमध्ये पहिल्यांदा येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. त्या बाळाचे प्रॉन्ग नीट होते, बुडबुडे चालू होते. म्हणजे ऑक्सिजनची वाढ खरी.

ॲप्निया मोजताना संख्येसोबत तीव्रता लिहा: किती वेळा, त्यातले किती आपोआप सुटले, कितींना पाठ चोळावी लागली, आणि फीडशी काही संबंध आहे का. वीस सेकंदांहून लांब विराम, किंवा त्याहून छोटा पण हृदयगती किंवा सॅच्युरेशन पाडणारा, तो ॲप्निया. मॉनिटरची मेमरी आणि सिस्टरांचा चार्ट यांत फरक असतो. दोन्ही बघा, आणि रात्रीच्या सिस्टर ड्यूटी सोडण्याआधी त्यांच्याशी दोन मिनिटं बोला. आपल्या बाळाला आदल्या दिवशी दोन, दोन्ही आपोआप सुटलेले. त्या रात्री पाच, त्यातल्या दोनांना चोळावं लागलं. श्वासाची गती ५८ वरून ६८, बरगड्यांखाली ओढ किंचित जास्त.

इथेच कॅफिनचा डोस तपासायचा. तो जन्मवजनावर लिहिलेला असतो, बाळ पुढे निघून जातं आणि किलोमागचा डोस गुपचूप कमी होत राहतो. पण लिहिताना ‘कॅफिन सायट्रेट’ असंच लिहा. सायट्रेटच्या २० मिलिग्रॅममध्ये खरं कॅफिन १० मिलिग्रॅम असतं, आणि नुसतं ‘कॅफिन’ लिहिलं तर डोस निम्मा किंवा दुप्पट होण्याची वाट मोकळी राहते. या बाळाचा डोस बरोबर होता, म्हणजे तेही कारण नव्हतं.

एवढं गोळा झाल्यावर त्या सकाळची नोट अशी लिहायला हवी होती:

‘दिवस १६, जन्म २९ आठवडे, पीएमए ३१ आठवडे १ दिवस. जन्मवजन ११८०, काल १२५०, आज १३१० (पुन्हा केले, उघडे, फीडआधी, तेच). मागची चाल रोज किलोमागे १८ ग्रॅम, आज ४८. फीड: फॉर्टिफाइड आईचे दूध, ठरलेले किलोमागे १६३, मिळालेले १५० (पहाटे ४ चा फीड ब्रॅडीमुळे चुकला). पोट मऊ, उलटी नाही. लघवी किलोमागे ताशी ३.२ वरून १.६. श्वास: सीपॅप ६, प्रॉन्ग व बुडबुडे ठीक, ऑक्सिजन दोन दिवसांत २१–२३ वरून २५–३२, ॲप्निया २ वरून ५, दोनांना चोळावे लागले. गती ६८. नाडी उसळती, रक्तदाब ४६/१९, मर्मर ऐकू येते.

मत: कमी दूध, कमी लघवी आणि वाढता ऑक्सिजन असताना वजनाची उडी, म्हणजे पाणी साठत आहे. पीडीए असण्याची शक्यता जास्त. संसर्ग वगळलेला नाही.

प्लॅन: आज इको. कल्चर, सीबीसी, सीआरपी. सीपॅप ७. मापासाठी वजन १२५० धरायचे, १३१० नाही. फीड किलोमागे १४०, दर दोन तासांनी १४.५ मिली, फॉर्टिफायर चालू. लघवी दुपारी २ वाजता मोजून कळवणे. ऑक्सिजन ३५ च्या वर किंवा सहा तासांत चोळावे लागलेले दोन ॲप्निया झाल्यास लगेच बोलावणे. फीडचे प्रमाण तीन दिवसांनी पुन्हा ठरवणे.’

नाडी, रक्तदाब आणि मर्मर या तीन गोष्टी मी त्या सकाळी पाहिल्याच नव्हत्या. त्या वरिष्ठांनी संध्याकाळी पाहिल्या. ४६ आणि १९ मधलं अंतर २७, एवढ्याशा बाळात ते रुंदच. महाधमनीतलं रक्त पीडीएच्या उघड्या नळीतून परत फुप्फुसाकडे वळतं तेव्हा खालचा दाब असा पडतो, मूत्रपिंडाला रक्त कमी मिळतं म्हणून लघवी घटते, आणि फुप्फुसात जास्त रक्त गेल्याने ऑक्सिजन वाढवावा लागतो. वजनाची उडी कुठून आली हे समजलं की तपासायला कुठे हात ठेवायचा तेही समजतं. मी कारणच विचारलं नव्हतं, म्हणून तिथे हात गेला नाही.

प्लॅनमधल्या दोन ओळींवर बोलायला हवं. पहिली, वजन १२५० धरण्याची. जन्मवजन परत येईपर्यंत माप जन्मवजनावर आणि नंतर रोजच्या वजनावर करतात, हा नियम तुम्हाला माहीत असेल. पण रोजच्या वजनावर आपला विश्वास नसेल तर शेवटचं भरवशाचं वजन धरा आणि तसं लिहा. नाहीतर साठलेल्या पाण्याच्या वजनावर आणखी दूध वाढवलं जातं. रात्रीच्या ड्यूटीवर हे अगदी सहज घडतं.

दुसरी, तीन दिवसांची मुदत. १४.५ मिलीचे बारा फीड म्हणजे १७४ मिली, कॅलरी किलोमागे १११. हे गरजेपेक्षा थोडं कमीच आहे. दोनतीन दिवस चालेल. पण मुदत न लिहिता कमी केलेलं दूध आठवडाभर तसंच कॉपी होत राहतं, विशेषतः संगणकावर कालची नोट आजच्यात ओतायची सोय असेल तर, आणि मग बाळाची वाढ खुंटल्यावर कारण शोधत बसावं लागतं.

इकोमध्ये पीडीए निघाला. औषध द्यायचं की थांबायचं, हा मोठा वाद आहे आणि तो रोजच्या नोटचा विषय नाही. आमच्या वरिष्ठांनी थांबायचं ठरवलं. कल्चर ४८ तासांनी निगेटिव्ह आलं.

नंतरची दोन वजनं मला अजून आठवतात. सतराव्या दिवशी १३०५, अठराव्या दिवशी १२९०. वजन उतरतंय म्हणून रात्रीच्या रेसिडेंटने फीड वाढवायला घेतले होते. तेवढ्यात त्याने सकाळची नोट वाचली: ‘वजन १५ ने कमी, लघवी किलोमागे ताशी ३.४, ऑक्सिजन २४ ते २६, ॲप्निया एक, आपोआप सुटलेला. साठलेले पाणी उतरत आहे. फीड आज वाढवू नयेत, उद्या सकाळी ठरवू.’ त्याने फीड तसेच ठेवले आणि झोपायला गेला.